डोंबिवलीतल्या बाथरूमची एक फळी: सिरम, सनस्क्रीन आणि क्रीमच्या डबीचं नेमकं काय बिघडलं

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मावशी, सनस्क्रीन लावूनही मान भाजली. सिरम चहासारखं झालंय. आणि हनुवटीखाली बारीक पुटकुळ्या उठल्यात. माझ्या बाथरूममध्ये खूप दमट असतं, त्यामुळेच ना हे सगळं?"

मी सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात बरीच वर्षं टिकाऊपणाच्या चाचण्या केल्या. म्हणजे बाटल्या ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात महिनोन्महिने ठेवायच्या आणि ठरलेल्या दिवशी बाहेर काढून त्यांचा रंग, वास, दाटपणा बघायचा. त्या सवयीने एक गोष्ट अंगात मुरली आहे. एकाच कपाटात तीन बाटल्या बिघडल्या, तरी तिघींचं कारण एकच असेल असं धरून चालत नाही. म्हणून तिला म्हटलं, काही फेकू नकोस, जागाही हलवू नकोस, मी रविवारी येते.

घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर. बाथरूम साधारण पाच फूट बाय सात फूट. पश्चिमेच्या भिंतीत काचेच्या पट्ट्यांची खिडकी आणि तिच्याखाली ग्रॅनाइटची फळी. गिझर समोरच्या भिंतीवर, त्यामुळे त्याची थेट झळ फळीला नाही. फळीवर काचेच्या पारदर्शक बाटलीतलं १५ टक्के व्हिटॅमिन सीचं सिरम, नियासिनामाइडचं दुसरं सिरम, रुंद तोंडाची शंभर ग्रॅमची मॉइश्चरायझरची डबी, मुरुमांवरच्या ॲडापलीन जेलची ॲल्युमिनियमची ट्यूब, मुरुमांवरचंच बेंझॉइल पेरॉक्साइड जेल आणि फेसवॉश. एका कोपऱ्यात गेल्या दिवाळीच्या उटण्याची डबी, तिच्या आईची. सनस्क्रीन मात्र दिसेना. विचारलं तर म्हणाली, "ते स्कूटीच्या डिकीत. स्टेशनला जाताना लावते."

इथेच पहिली गाठ सुटली. सनस्क्रीन बाथरूममध्ये नव्हतंच, म्हणजे त्याचं खापर दमटपणावर फोडता येत नव्हतं.

मी कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारे दोन छोटे तापमापक आणले होते, आर्द्रताही दाखवणारे. एक फळीवर ठेवला, दुसरा तिच्या खोलीतल्या लाकडी कपाटाच्या खालच्या खणात. आठवडाभर तिने सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून ठेवले. कपाटात २९ ते ३२ अंश. फळीवर दिवसाचा बराचसा वेळ त्याहून एखाद-दुसराच अंश जास्त, पण दुपारी चारनंतर ऊन थेट फळीवर आलं की दोनेक तास ४१. अंघोळीनंतर आर्द्रता नव्वदच्या वर जायची, आणि दार बंद राहिलं तर ती ऐंशीच्या खाली यायला दोन तास लागायचे. डिकीतलं तापमान एकाच दिवशी मोजलं. स्टेशनबाहेरच्या उघड्या पार्किंगमध्ये, भर उन्हात ५१ अंश.

आता एकेक बाटली घेऊ.

व्हिटॅमिन सीचं सिरम तिने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोडलेलं. नवं असताना पाण्यासारखं होतं, आता कोऱ्या चहाच्या रंगाचं. बोटांची टोकंही पिवळट दिसत होती. यातला घटक म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक आम्ल, आणि ते हवेतल्या ऑक्सिजनला फार लवकर वश होतं. आधी त्याचं डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल होतं. तिथून मागे फिरायला वाट असते. पण पाण्यात ते तसंच राहिलं तर त्याची कडी तुटते, आणि मग परत फिरणं नाही. पुढच्या तुकड्यांमध्ये एरिथ्रुलोज नावाची साखर निघते. ही साखर कातडी कृत्रिमपणे सावळी करणाऱ्या लोशनांत मुद्दाम घालतात, कारण ती त्वचेच्या वरच्या थरातल्या प्रथिनांशी जुळून रंग धरते. पिवळ्या बोटांचं गूढ इतकंच.

पण रंग गडद झाला म्हणजे किती टक्के गेलं? रंगावरून ते कळत नाही, कारण थोडंसं विघटनही भरपूर रंग देतं. सुदैवाने तिने सेलमध्ये एकाच वेळी दोन बाटल्या घेतल्या होत्या आणि दुसरी कपाटात सीलबंद होती. मग आम्ही शाळेतल्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकासारखा एक प्रयोग केला. अर्धा कप पिण्याचं पाणी, त्यात चमचाभर भाताची पातळ पेज आणि सिरमचा एक थेंब. वरून जखमेवर लावायचं पाच टक्के पोव्हिडोन आयोडीन थेंब थेंब घालायचं आणि ढवळत राहायचं. व्हिटॅमिन सी शिल्लक असेपर्यंत ते आयोडीन खाऊन टाकतं आणि पाण्याला रंग चढत नाही. ते संपलं की पुढचा थेंब पेजेतल्या स्टार्चशी जुळतो आणि पाणी निळं पडतं. ताज्या बाटलीच्या थेंबाला ४१ थेंब लागले. जुन्या बाटलीच्या थेंबाला १७.

म्हणजे सुमारे चाळीस टक्के उरलं होतं. हा आकडा प्रयोगशाळेत चालणार नाही. थेंबाचा आकार बदलतो, आणि सिरममध्ये आयोडीन खाणारे दुसरे पदार्थ असले तर हिशेब चुकतो. पण एकाच कंपनीचं सिरम, एकच ड्रॉपर, दोन्ही वेळा तोच हात, अशी तुलना केली तर नवं आणि जुनं यांतला फरक समजायला तो पुरेसा आहे. दोन्ही प्रयोग तीन-तीन वेळा केले, थेंब एक-दोनाने इकडे-तिकडे झाले.

आता प्रश्न असा, की हे बाथरूमच्या उष्णतेने झालं का? भाचीला तशी खात्री होती. मीही आधी तेच धरून चालले होते, म्हणून कागदावर मांडलं. ढोबळ नियम असा, की दहा अंश वाढले की अशा रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. फळीवर कपाटापेक्षा दहा अंश जास्त तापमान होतं, पण दिवसातले दोन तासच. म्हणजे त्या दोन तासांत चार तासांची झीज. चोवीस तासांच्या दिवसात सव्वीस तासांचं काम झालं, आठ टक्के जास्त. उरलेल्या वेळचा एखादा अंश धरला तरी पंधरा-वीस टक्क्यांच्या पुढे जात नाही. सात आठवड्यांत आठ आठवड्यांचं म्हातारपण आलं, एवढंच. तेवढ्याने साठ टक्के गळती होत नाही.

मग तिला म्हटलं, रोज लावतेस तसं लावून दाखव. तिने ड्रॉपर काढला, बाटली उघडीच फळीवर ठेवली, गालावर थेंब टेकवून टेकवून सोडले, हाताने पसरवलं, आरशात दोन-तीन मिनिटं पाहिलं आणि मग ड्रॉपर परत आत घातला. ड्रॉपरचं टोक ओल्या गालाला लागलेलं. म्हणजे रोज थोडी ताजी हवा आणि नळाच्या पाण्याचा अंश बाटलीत जात होता. नळाच्या पाण्यात लोह आणि तांब्याचे किंचित अंश असतात आणि ते या ऑक्सिडेशनला विरजणासारखे लागतात, अगदी थोडे पुरतात. त्यात बाटली तीस मिलिलिटरची, ती रोज चार-पाच थेंब वापरणारी. अर्धी बाटली रिकामी, म्हणजे अर्धी बाटली हवा. आणि काच पारदर्शक, तीही चारनंतरच्या उन्हात. माझ्या मते दोष या क्रमाने लावायला हवा: उघडी बाटली, ओला ड्रॉपर, ऊन, आणि सगळ्यात शेवटी उष्णता. दमट हवेचा तर जवळजवळ काहीच संबंध नाही. पाण्यातच विरघळलेल्या पदार्थाला बाहेरच्या आर्द्रतेने काय फरक पडणार?

हा क्रम महत्त्वाचा, कारण तिने नुसती फळी बदलली असती आणि सवय तीच ठेवली असती, तर दुसरी बाटलीही जुलैअखेर तशीच झाली असती.

शेजारचं नियासिनामाइड बिलकुल ठीक होतं. रंग नाही, वास नाही. हा रेणू उष्णता आणि प्रकाश दोन्हींना सहसा दाद देत नाही. ॲडापलीनही प्रकाशाला टिकतं, शिवाय ॲल्युमिनियमच्या ट्यूबमधून ना ऊन आत जात, ना दाबल्यावर हवा आत ओढली जात. ट्यूब एकदा चिमटली की चिमटलेलीच राहते. त्या जागी त्याच कुळातलं साधं रेटिनॉल काचेच्या बाटलीत असतं, तर माझं मत वेगळं असतं. ते प्रकाश आणि हवा दोन्हींना घाबरतं.

बेंझॉइल पेरॉक्साइडबद्दल मात्र मी तिला त्याच दिवशी जागा बदलायला लावली, जरी त्यात काही बिघडलेलं दिसत नव्हतं. हा रेणू तापला की तुटतो, आणि त्या तुटण्यातून बेंझीन तयार होऊ शकतं. बेंझीन म्हणजे माणसात कर्करोग करणारं म्हणून सिद्ध झालेलं रसायन. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका स्वतंत्र प्रयोगशाळेने यावरून बराच गदारोळ उठवला. नंतर तिथल्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, ९५ उत्पादनं तपासली, मार्च २०२५ मध्ये निकाल जाहीर केला. नव्वद टक्क्यांहून जास्त उत्पादनांत बेंझीन सापडलं नाही किंवा अगदी नगण्य होतं, आणि मोजकी काही बाजारातून परत घेतली गेली. म्हणून घाबरून फेकण्याचं कारण नाही. पण या एका जेलच्या बाबतीत ट्यूबवर लिहिलेलं साठवणीचं तापमान मी अक्षरशः पाळते, आणि मुदत उलटली की ठेवत नाही.

आता डिकीतली ट्यूब. भाचीने टोपण उघडून दाबली तर आधी पिवळट तेल आलं, मग रवाळ पांढरी क्रीम. ती म्हणाली, "मी ट्यूब चोळून घेते, मग एकजीव होतं." आम्ही दोन काचा घेतल्या. एकीवर डिकीतलं सनस्क्रीन बोटाने पातळ पसरलं, दुसरीवर औषधांच्या दुकानातून आणलेलं त्याच नावाचं नवं. उजेडाकडे धरल्यावर नव्याचा थर सारखा, दुधाळ. जुन्यात पांढरे ठिपके आणि मध्येमध्ये नितळ काच.

सिरमचा हिशेब इथे लावता येत नाही, आणि या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा हाच आहे. ॲस्कॉर्बिक आम्लाची झीज तासागणिक साचत जाते, म्हणून तिची सरासरी काढता येते. सनस्क्रीन हे तेल आणि पाणी यांचं बांधून ठेवलेलं मिश्रण असतं. ते बांधून ठेवणारे मेणासारखे घटक एका तापमानापर्यंत घट्ट असतात आणि त्यापुढे सैल होतात. तेलाचे थेंब एकमेकांना भेटायला लागतात आणि एकदा मोठे झाले की गार झाल्यावर परत बारीक होत नाहीत. फाटलेलं दूध परत एकजीव होत नाही, तसंच. पन्नास अंशांवरच्या चार दुपारी तीस अंशांवरच्या चार महिन्यांपेक्षा जास्त नुकसान करू शकतात. इथे सरासरी तापमान विचारायचं नसतं, सर्वांत वाईट दुपार किती तापली ते विचारायचं. एफडीए सनस्क्रीन थेट उन्हात ठेवू नका, समुद्रावर गेलात तर टॉवेलात गुंडाळा किंवा सावलीत ठेवा असं सांगते, ते याचसाठी.

बऱ्याच जणांचा समज असा, की डिकीत सनस्क्रीनमधले उन्हापासून रक्षण करणारे घटकच मरतात. एव्होबेंझोनसारखा घटक उन्हात तुटतो हे खरं आहे, ऑक्टिनॉक्सेट हा दुसरा घटक सोबत असला तर अधिकच. पण ते होतं त्वचेवर, प्रत्यक्ष किरणं पडल्यावर. अपारदर्शक ट्यूबच्या आत, बंद डिकीत किरणं पोचतच नाहीत. झिंक ऑक्साइड तर पन्नास काय, शंभर अंशांनाही बधणार नाही. ट्यूबमध्ये घटक असतातच. फक्त ते सारखे पसरत नाहीत. एसपीएफचा आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम असा सारखा थर लावून काढलेला असतो. थराला भोकं पडली, तर जिथे भोक आहे तिथे बाटलीवरच्या ५०ला काही अर्थ नाही. घटक शाबूत असूनही मान भाजते ती अशी.

नोटा तपासायची निळी टॉर्च मारून सनस्क्रीनची परीक्षा करणारे व्हिडिओ तिने पाहिले होते. त्या टॉर्चचे किरण यूव्हीए, म्हणजे लांब लहरींच्या अतिनील पट्ट्यातले असतात. त्वचा भाजते ती मुख्यतः त्याहून आखूड लहरींच्या यूव्हीबीने, आणि त्याबद्दल ती टॉर्च काहीच सांगत नाही. घरात एसपीएफ मोजता येत नाही. काचेवरचा थर एवढंच सांगतो, की मिश्रण फुटलंय की नाही.

आणि तरीही मान भाजल्याचा पूर्ण दोष मी डिकीला दिला नाही. मान भाजली त्या रविवारी ती मुरबाडच्या बाजूला शेतघरावर गेली होती, दहा ते चार उन्हात. "किती लावलंस?" विचारलं तर तिने वाटाण्याएवढा ठिपका दाखवला, चेहरा आणि मान मिळून. निदान दोन बोटांच्या लांबीएवढ्या दोन रेघा हव्या होत्या. नवं कोरं सनस्क्रीन असतं तरी इतक्या कमी प्रमाणात मान भाजलीच असती. दोन्ही कारणांतला वाटा वेगळा काढायला माझ्याकडे साधन नाही.

राहिली डबी. दमटपणाचा खरा गुन्हा इथे घडला. तिने आतली पांढरी प्लॅस्टिकची चकती पहिल्याच दिवशी फेकून दिली होती. अंघोळ करून ओल्या बोटांनी क्रीम घ्यायची आणि झाकण अर्धवट फिरवायची. झाकण उलटं करून पाहिलं तर आतून पाण्याचे थेंब. आट्यांच्या खोबणीत करडे-काळे ठिपके, आणि कोंदट वास, पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या चामड्याच्या पर्ससारखा.

क्रीममध्ये जंतुरोधक असतंच, बहुधा फेनॉक्सिइथेनॉल, एक टक्का किंवा त्याहून कमी. ते क्रीममधल्या पाण्यात ठरावीक प्रमाणात असतं तोवर काम करतं. पण दुपारी डबी तापली की क्रीममधलं पाणी वाफ होऊन वर जातं आणि झाकणाला लागून थेंब होतं. हे जवळजवळ कोरं पाणी. संध्याकाळी ते थेंब परत क्रीमच्या पृष्ठभागावर पडतात. तिथे जंतुरोधक विरळ झालेलं एक पातळ तळं साचतं. त्यात बोटांवरचे जंतू आणि हवेतले बुरशीचे बीजाणू, शिवाय अंघोळीचं पाणी. चांगल्या बनवलेल्या डबीने रोजची ओली बोटं सोसावीत असंच गृहीत धरून कारखान्यात चाचणी घेतात. मुद्दाम जंतू घालून पाहतात की ते आठवड्याभरात हजारपटीने कमी होतात का. पण त्या चाचणीत झाकणाखालचं तळं नसतं.

डबी फेकली. हनुवटीखालच्या पुटकुळ्या तिथूनच आल्या, असं मात्र मी म्हणणार नाही. ती त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी घाम, हेल्मेटचा पट्टा आणि क्रीम अशी तिन्ही कारणं मांडली, लावायचं औषध दिलं आणि डबी बंद करायला सांगितलं. पुटकुळ्या तीन आठवड्यांत बसल्या. पट्टाही तिने त्याच आठवड्यात धुतला होता, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते सांगणं अवघड. एक गोष्ट नक्की, की डोळ्यांना बुरशी दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. दिसायला पांढरीशुभ्र असलेली क्रीमही जंतूंनी भरलेली असू शकते. उघड्या डबीच्या चित्रात '६ एम' किंवा '१२ एम' असं छापलेलं असतं, म्हणजे उघडल्यावर तितके महिने. हे महिने झाकण नीट लावलं जाईल असं धरून मोजलेले असतात.

उटण्याच्या डबीत तळाला गठ्ठे झाले होते आणि करडी बुरशी होती. कोरड्या पुडीला जंतुरोधक नसतं, तिचा कोरडेपणा हेच तिचं रक्षण. आईने आधी विरोध केला, मग डबी उघडून वास घेतला आणि काही न बोलता केराच्या डब्यात टाकली.

बदल थोडेच केले. फळीवर फक्त फेसवॉश राहिलं. ते धुऊन टाकायचं असतं आणि त्याची ट्यूब बंद तोंडाची. बाकी सगळं कपाटाच्या खालच्या खणात. मॉइश्चरायझर पंपाच्या बाटलीतलं घेतलं. सिरमची दुसरी बाटली फ्रिजच्या दारात, चहाच्या डब्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि ड्रॉपर गालाला न लावता तळहातावर थेंब, लगेच झाकण. बाटलीच्या बुडाला मार्करने उघडल्याची तारीख.

सनस्क्रीनही फ्रिजमध्ये ठेवावं असं तिला वाटत होतं, ते मी थांबवलं. एव्होबेंझोन, बेमोट्रिझिनॉल हे मुळात घन पदार्थ असतात, तेलात विरघळवून ठेवलेले. फार गार झाल्यावर ते स्फटिक होऊन बाहेर पडू शकतात, घट्ट झालेल्या मधासारखे, आणि खोलीच्या तापमानावर आणलं म्हणून परत विरघळतीलच असं नाही. कपाट पुरे.

जुलैच्या मध्याला परत आयोडीन आणि पेज घेऊन बसलो. दुसरी बाटली फोडून सहा आठवडे झाले होते. रंग किंचित पेंढ्यासारखा. थेंब ३६ लागले. नव्याचे ४१ होते.

सनस्क्रीनची नवी ट्यूब तिने पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. मधल्या एका पावसाळी सकाळी पर्सच डिकीत ठेवून ती ऑफिसला गेली, असं तिच्या आईने मला फोनवर सांगितलं. दिवसभर पाऊस होता आणि ऊन अजिबात नव्हतं, म्हणून मी ट्यूब काचेवर पसरून पाहायचा आग्रह धरला नाही.